ऐकणाऱ्याने काय लिहून ठेवावं?

साशंक : तुमचा आराखडा मी पूर्ण वाचला. तीनशे निवासी डॉक्टर असलेल्या सरकारी मेडिकल कॉलेजात पंधरा रेसिडेंट निवडायचे, त्यांना नीट ऐकून घेण्याचं प्रशिक्षण द्यायचं आणि वाईट रात्र काढलेल्या सहकाऱ्याला त्यांनी आपणहून गाठायचं, अशी ही योजना. हेतूबद्दल माझं काही म्हणणं नाही, शंका मुळातच आहे. बर्नआउट हा आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या वर्गीकरणात त्याची नोंद केली तीही कामातून उद्भवणारी अवस्था म्हणून. म्हणजे कारण कामात आहे. १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेत लिहिलं आहे की सलग ड्युटी साधारणपणे बारा तासांच्या वर नसावी आणि कनिष्ठ निवासी डॉक्टरांचं काम एरवी आठवड्याला ४८ तास असावं. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने ७४ तासांची मर्यादा सुचवली. बत्तीस वर्षांत अपेक्षाच २६ तासांनी सैल झाली, आणि तेवढीही अनेक विभागांत पाळली जात नाही. इमर्जन्सीच्या दिवशी सकाळी आठला वॉर्डात शिरलेली जेआर-वन दुसऱ्या दिवशी संध्याकाळचा राउंड संपवून बाहेर पडते. तिला झोप हवी आहे. तुम्ही तिच्याशी बोलायला माणूस पाठवता, आणि तो माणूसही तितकाच जागलेला असतो.

आग्रही : तुमचं हे म्हणणं मी खोडणार नाही. म्हणून तर आराखड्याच्या पहिल्या पानावर ‘या कार्यक्रमाने बर्नआउट कमी होईल’ असं वाक्य मी मुद्दाम लिहिलेलं नाही. ते लिहिलं असतं तर वर्षाअखेरीस आकडे हलले नाहीत म्हणून कार्यक्रम बंद पडला असता, किंवा त्याहून वाईट म्हणजे थोडे हलले म्हणून ड्युटीचे तास कमी करायची मागणी गुंडाळली गेली असती. माझा दावा अरुंद आहे, आणि तो दोनच गोष्टींचा आहे. टेबलावर रुग्ण दगावणं, नातेवाइकांनी अंगावर येणं, हॉस्टेलमधल्या मित्राने जीव देणं, अशा घटनेनंतर त्या डॉक्टरशी दोन दिवसांच्या आत कोणीतरी माणसासारखं बोललेलं असावं, ही पहिली. आणि ज्याला मानसोपचाराची गरज आहे तो तिथवर पोहोचावा, ही दुसरी. अमेरिकेत मिसूरी विद्यापीठाच्या रुग्णालयात २००७ पासून असा कार्यक्रम चालतो. त्याची रचना तीन पायऱ्यांची आहे. आधी वॉर्डातल्याच सहकाऱ्याचा आधार, तो पुरला नाही तर प्रशिक्षित सहकारी, आणि तोही पुरला नाही तर तज्ज्ञ. आपल्याकडे पहिली पायरी नशिबावर अवलंबून असते आणि तिसरी कागदावर. मधली पायरी नाहीच. मला ती बांधायची आहे. ड्युटीच्या तासांची जागा ती घेणार नाही.

साशंक : मग मधल्या पायरीवरच बोलू. ‘सहकारी’ म्हणताना तुम्ही समान पातळीवरचा माणूस गृहीत धरता. आपल्या व्यवस्थेत तो आहे का? जेआर-थ्री हा जेआर-वनचा सहकारी नसतो. तो तिची ड्युटी लावतो, केसेस वाटतो, तिच्या चुका मॉर्निंग रिपोर्टमध्ये बाहेर काढायच्या की पोटात घालायच्या हे ठरवतो. आणि यात जात येते, ते टाळून चालणार नाही. २०१९ मध्ये मुंबईत एका आदिवासी निवासी डॉक्टर तरुणीचा मृत्यू झाला, तेव्हा घरच्यांचा आरोप कुणा डीनवर नव्हता. तो वरिष्ठ रेसिडेंट मुलींवर होता. जातीवरून छळ झाल्याचा होता. त्या जागी तुमचा कार्यक्रम असता आणि आधार देणारी म्हणून त्याच वर्तुळातली एखादी नेमली गेली असती, तर? वर तिच्या गळ्यात कॉलेजने दिलेलं ‘विश्वासू सहकारी’ असं ओळखपत्र असतं.

आग्रही : म्हणूनच निवडीचा अधिकार मी विभागप्रमुखांकडे ठेवलेला नाही आणि स्वतःहून नाव देणाऱ्यांकडेही नाही. प्रत्येक रेसिडेंटला एकच प्रश्न विचारायचा : रात्री तीन वाजता काही बिनसलं तर तू कोणाचं दार वाजवशील? तीन नावं लिही. ही नावं बाहेरची व्यक्ती मोजते. ज्यांची नावं वेगवेगळ्या विभागांतून, मुलामुलींकडून, आणि राखीव व खुल्या अशा दोन्ही जागांवरून आलेल्यांकडून येतात, त्यांना विचारायचं. नुसती लोकप्रियता मोजली तर एकाच टोळक्याची माणसं निवडून येतात, म्हणून नावं किती दिशांनी आली ते पाहायचं. त्यानंतर दुसरी चाळणी. अंतिम यादी प्रत्येकाच्या हातात जाते आणि ‘माझ्याकडे हा नको’ असं कोणत्याही नावावर कारण न देता नोंदवता येतं. ती नोंद फक्त समन्वयकापाशी राहते. तिसरा नियम असा की आधार देणारा आधार घेणारीच्या युनिटचा नसावा आणि तिच्या ड्युटीशी, थीसिसशी, परीक्षेशी त्याचा काही संबंध नसावा. आणि चौथा त्याच्यासाठी. एका वेळी दोघांपेक्षा जास्त जणांची जबाबदारी घ्यायची नाही, आणि महिन्यातून एक तास कॉलेजबाहेरच्या मानसोपचारतज्ज्ञाबरोबर बसायचं. तो तास ड्युटीतला धरायचा. मेयो क्लिनिकमध्ये डॉक्टरांच्या छोट्या गटांवर जो प्रयोग झाला आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात रुग्णालयाने दर पंधरवड्याला कामाच्या वेळेतला एक तास दिला होता. चर्चेचा विषय काय होता यापेक्षा मला ते महत्त्वाचं वाटतं. रात्रीच्या झोपेतून कापून काढलेला आधार हा आणखी एक बोजाच होतो.

साशंक : नियम कागदावर बरे आहेत. मला एक घटना चालवून दाखवा. कोण कोणाला काय बोललं आणि काय लिहिलं, तिथपर्यंत.

आग्रही : समजा स्त्रीरोग विभागातली सेकंड इयरची रेसिडेंट. तालुक्याहून उशिरा पाठवलेली बाळंतीण पहाटे येते, रक्तस्राव थांबत नाही, पिशवी काढायचा निर्णय होतो, आणि ती टेबलावर जाते. बाहेर नातेवाईक ओरडत असतात. सकाळी रिपोर्टमध्ये ही मुलगी केस मांडते, रक्त मागवायला वीस मिनिटं का लागली यावर बोलणी खाते आणि तशीच ओपीडीला बसते. लेबर रूमच्या सिस्टर किंवा भूलतज्ज्ञ, ज्याला हे दिसलं तो, समन्वयकाला निरोप देतो : ‘स्त्रीरोग, काल रात्र, दोघी होत्या.’ रुग्णाचं नाव नाही, निदान नाही. समन्वयक मेडिसिनमधल्या जेआर-थ्री मुलीला सांगते. तिने फोन करायचा तो मदत हवी का हे विचारायला नव्हे. त्याला सगळ्यांचं उत्तर ‘नाही, मी ठीक आहे’ असंच येतं. तिने म्हणायचं : काल तुमच्याकडे मृत्यू झाला असं कळलं, अशा रात्रीनंतर आम्ही सगळ्यांनाच फोन करतो, संध्याकाळी हॉस्टेलवर आहेस का? ‘सगळ्यांनाच’ हा शब्द फार कामाचा आहे. आपल्याला कमकुवत म्हणून निवडलं असं समोरच्याला वाटत नाही.

भेट अर्ध्या तासाची. तिथे जेआर-थ्री ‘काय झालं’ हे विचारत नाही. तुझं काय चाललंय हे विचारते. झोप लागली का, काही खाल्लंस का, पुढची इमर्जन्सी कधी, त्या टेबलापाशी पुन्हा उभं राहायचं म्हटलं की काय होतं. औषध किती वाजता दिलं, रक्तपेढीला फोन कोणी केला, यातलं काही नाही. ती मुलगी स्वतः त्या तपशिलात शिरली तर एवढंच म्हणायचं की ते तू तुझ्या मॅडमशी किंवा चौकशीत बोल, मी त्यासाठी आलेली नाही. शेवटी एक प्रश्न सरळ विचारायचा : जगणं नको, असं मनात येतं का? असं विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो ही समजूत चुकीची आहे. मग तीन गोष्टी पुढ्यात ठेवायच्या. आठवड्याने पुन्हा फोन, बाहेरच्या मानसोपचारतज्ज्ञाची वेळ, आणि पुढची इमर्जन्सी बदलून हवी असेल तर युनिटशी कसं बोलायचं ते. खोलीबाहेर आल्यावर ती चारच गोष्टी नोंदवते : महिना, घटनेचा प्रकार, दोन दिवसांत संपर्क झाला की नाही, तज्ज्ञाचं नाव सुचवलं की नाही. नाव नाही, विभाग नाही, तारीखही नाही, कारण तारखेवरून लेबर रूमच्या रजिस्टरशी ताळा लावता येतो.

साशंक : घटनेनंतर लगेच एकदा बसवून सगळं बोलायला लावण्याची पद्धत पूर्वी जगभर चालत होती. कॉक्रेनच्या आढाव्यात दिसलं की त्या एका बैठकीने पुढचा मानसिक आघात टळत नाही, काहींना उलट त्रासच होतो. तुम्ही तेच नव्या नावाने करत नाही ना?

आग्रही : नाही, आणि तो आढावा वाचूनच ‘काय झालं’ हा प्रश्न काढून टाकला आहे. त्या बैठकांमध्ये प्रसंग पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावत. इथे प्रसंग उकरायचा नाही. झोप, जेवण, पुढची ड्युटी, सोबत आणि गरज असेल तर तज्ज्ञ, एवढंच. आणि बोलायचं नसेल तर नाही बोलायचं. आठवड्याने एक फोन आणि विषय बंद.

साशंक : बरं. आता गोपनीयतेकडे या, कारण खरी गाठ तिथे आहे. ‘इथे बोललेलं बाहेर जाणार नाही’ असं तुमचं पोस्टर म्हणतं. तुम्ही हे कोणत्या जोरावर म्हणता? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ मध्ये रुग्णाच्या गोपनीयतेचा हक्क आहे, पण ते बंधन उपचार करणाऱ्या व्यावसायिकांवर आहे. तुमची जेआर-थ्री उपचार करत नाही. तिच्या आणि त्या मुलीच्या बोलण्याला कायद्याचं कवच नाही. त्या मृत्यूची चौकशी लागली, नातेवाईक पोलिसात गेले, तर तिला साक्षीला बोलावता येईल. आणि कोर्टापर्यंत जायचीही गरज नाही. विभागप्रमुखांनी राउंड संपल्यावर सहज विचारलं, ‘काय गं, ती ठीक आहे ना?’ तरी त्याला नाही म्हणायची ताकद रेसिडेंटकडे नसते.

आग्रही : पोस्टरवरचं ते वाक्य तुम्ही म्हणता म्हणून मी बदलते. कारण जे पाळता येणार नाही असं वचन एकदा मोडलं की पुढच्या तीन बॅच त्या कार्यक्रमाकडे फिरकत नाहीत. भेटीच्या सुरुवातीला, समोरची काही बोलायच्या आधी, हे म्हणायचं : ‘तू सांगशील ते मी कोणाला सांगणार नाही, तुझ्या युनिटला नाही, डीनना नाही, घरीही नाही. तीन वेळा मला गप्प राहता येणार नाही. तुझ्या जिवाला आत्ता धोका आहे असं वाटलं तर, तुझ्यामुळे एखाद्या रुग्णाला आत्ता धोका आहे असं दिसलं तर, आणि कोर्टाने विचारलं तर. पहिल्या दोन वेळी मी आधी तुला सांगेन आणि शक्यतो तुझ्यासोबतच जाईन.’ ‘आत्ता’ या शब्दाची व्याप्तीही लिहून ठेवली आहे. जीव नकोसा वाटतो हे सांगणं म्हणजे लगेच कळवणं नव्हे. साधन, वेळ किंवा ठरवलेला बेत समोर आला, तर ते धोक्यात मोडतं. तेव्हा तिला एकटं सोडायचं नाही, आणि कळवायचं ते तिच्या विभागाला नव्हे, ड्युटीवरच्या मानसोपचारतज्ज्ञाला. रुग्णाच्या धोक्याचंही तसंच. आपण थकलो आहोत असं म्हणणारी धोकादायक नाही, नशेत थिएटरला निघालेली आहे.

कोर्टापुढे माझ्याकडे एकच संरक्षण आहे : जे विचारलंच नाही ते सांगता येत नाही, आणि जे लिहिलंच नाही ते मागवता येत नाही. केसचा तपशील न विचारण्याचं दुसरं कारण हे. ते मिसूरीतून उचलून आणलेलं नाही, आपल्या कायद्यात तसं कवच नाही म्हणून घातलेलं आहे. राहिले विभागप्रमुख. त्यासाठी डीनच्या सहीचं परिपत्रक लागेल की या कार्यक्रमाबद्दल कोणत्याही रेसिडेंटला नाव, हजेरी किंवा प्रकृती विचारणं हीच शिस्तभंगाची बाब आहे. म्हणजे नाही म्हणायची ताकद त्या मुलीच्या अंगी असण्याची गरज उरत नाही.

साशंक : परिपत्रकं भिंतीवर असतात आणि थीसिसवरची सही विभागप्रमुखांच्या हातात. पण ते असू दे. तुम्ही चार गोष्टींपलीकडे काही लिहिणार नाही म्हणता. मग मूल्यमापन कशाचं करणार? आराखड्याच्या शेवटी तर दोन पानं मूल्यमापनाची आहेत. एकीकडे काहीच माहिती ठेवायची नाही आणि दुसरीकडे परिणाम सिद्ध करायचा, हे जमायचं कसं?

आग्रही : पूर्ण नाही जमत, आणि किती जमत नाही ते मी मोजलं आहे. कोपनहेगन बर्नआउट प्रश्नावली घेतली आहे. एकोणीस प्रश्न, वैयक्तिक थकवा, कामाचा थकवा आणि रुग्णांशी संबंधातला थकवा असे तीन भाग, प्रत्येकाचा गुण शून्य ते शंभर. मास्लाकची प्रश्नावली जास्त प्रसिद्ध आहे, पण तिला दर प्रतीमागे पैसे पडतात. आता तीनशेपैकी एकशे ऐंशी जणांनी वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी उत्तरं दिली असं धरू, आणि गुणांचा पसारा म्हणजे प्रमाण विचलन वीस धरू. दोन्ही वेळची उत्तरं त्याच त्या माणसाशी जोडता आली तर साधारण चार गुणांचा फरक खात्रीने पकडता येतो. जोडता आली नाहीत, तर फरक सहाच्या आसपास असल्याशिवाय तो तितक्याच खात्रीने पकडता येत नाही. म्हणजे अनामिकतेची किंमत दोन गुण. जोडायचं तर प्रत्येकाला सांकेतिक क्रमांक लागतो, आईच्या नावाचं पहिलं अक्षर आणि जन्मतारीख असा. पण सहा रेसिडेंटच्या विभागात तो क्रमांक म्हणजे नावच. म्हणून मी दोन गुण सोडून दिले. एकदा का कोणाला वाटलं की आपली उत्तरं ओळखता येतात, की ती खरी राहत नाहीत, आणि खोट्या उत्तरांवरची अचूकता माझ्या उपयोगाची नाही.

साशंक : तरीही तुम्ही अडकता. जेआर-वन रुजू होतात ते पहिले महिने सगळ्यांत वाईट. पावसाळ्यात डेंग्यू-लेप्टोने मेडिसिन भरून वाहतं. परीक्षेआधी जेआर-थ्री वेगळ्याच कारणाने पिचलेले असतात. तुम्ही पहिली पाहणी नवी बॅच आल्याबरोबर घेतली आणि दुसरी नऊ महिन्यांनी, तर काहीही न करता आकडे सुधारतील. शिवाय जे सगळ्यांत जास्त थकलेले असतात ते प्रश्नावली उघडतच नाहीत.

आग्रही : म्हणून दोन्ही पाहण्या वर्षाच्या त्याच महिन्यात, आणि सगळे विभाग एकदम सुरू न करता चार गटांत, दर तीन महिन्यांनी एक गट, गटांचा क्रम चिठ्ठ्या टाकून. ज्या गटाची पाळी यायची आहे तो तुलनेला मिळतो आणि कोणालाही कायमचं वगळावं लागत नाही. यातली खोट मला माहीत आहे. हॉस्टेल एक, मेस एक. सर्जरीला कार्यक्रम सुरू झाला की ऑर्थोची मुलं त्याच मुलांशी बोलायला लागतात आणि तुलना विरघळते. आणि उत्तरं कोणत्या वर्षाच्या किती जणांनी दिली एवढं मी छापणार. जेआर-वनपैकी तिसरा हिस्साच उत्तर देत असेल, तर सरासरी काहीही आली तरी निष्कर्ष काढायचा नाही.

पण बर्नआउटचे गुण हे माझं मुख्य माप नाहीच. मुख्य माप कामाचं आहे. माता-मृत्यू, टेबलावरचे मृत्यू, डॉक्टरांवरचे हल्ले, यांची नोंद रुग्णालयाकडे आधीच असते, त्यासाठी कोणाचं मन उघडावं लागत नाही. सहा महिन्यांत अशा चाळीस घटना झाल्या आणि आमच्याकडे निरोप अकराचाच आला, तर कार्यक्रम फसला. प्रश्नावली काहीही सांगो. निरोप आले पण दोन दिवसांत संपर्क झाला नाही, तर तो दुसऱ्या ठिकाणी फसला. आणि तज्ज्ञाचं नाव सुचवलेल्यांपैकी किती पोहोचले, हे बाहेरचा दवाखाना सहा महिन्यांतून एकदा फक्त एक संख्या म्हणून कळवतो. पाचाच्या खालची संख्या छापायची नाही. अनामिक प्रश्नावलीत आत्महत्येच्या विचारांचा प्रश्नही मी ठेवलेला नाही. कोणी हो म्हटलं तर आपल्याला त्याचं दार माहीत नसणार. ज्याला उत्तर दिल्यावर मदत पोहोचवता येणार नाही त्याला तो प्रश्न कागदावर विचारणं मला मान्य नाही. तो माणसानेच माणसाला विचारावा.

साशंक : इथे तुम्ही मला पटवत आणलंत, आणि म्हणूनच आता सगळ्यांत अवघड गोष्ट विचारतो. तीन महिन्यांत एकाच युनिटमधून चार मुली तुमच्याकडे आल्या. चौघींनी एकाच लेक्चररचं नाव घेतलं, एकाच तऱ्हेचा अपमान सांगितला. नोंदवहीत काही नाही, पण तुमच्या पंधरांपैकी तिघांना ते माहीत आहे, आणि महिन्याच्या बैठकीत ते तज्ज्ञालाही कळलं. आता हा कार्यक्रम काय करणार? गप्प बसला तर तो छळाचा साक्षीदार होतो. बोलला तर सहा जणींच्या युनिटमध्ये कोण बोललं हे दुपारपर्यंत कळेल. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्याने तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची आहे, पण तक्रार आली तर. तुमची गोपनीयता ती तक्रार जन्माला येऊ देत नाही. माझी भीती अशी आहे की जे दुःख वाढून बंडापर्यंत गेलं असतं, ते तुम्ही अर्ध्या अर्ध्या तासाने निववता आणि व्यवस्थेला आणखी एक वर्ष मिळवून देता.

आग्रही : याला माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. जे उघड्यावरून कळतं ते माणसाच्या तोंडून काढायचं नाही, हा माझा पहिला नियम. युनिटमध्ये सलग छत्तीस तासांची ड्युटी होते की नाही हे कळायला कोणाची कबुली लागू नये. म्हणून कार्यक्रमाच्या अहवालात प्रत्येक विभागाचे तास शेजारी छापायचे, म्हणजे बर्नआउटचा आकडा एकटा उभा राहणार नाही.

साशंक : कोणते तास? रोस्टरवर बारा तास असतात. खरे तास रोस्टरवर नसतात.

आग्रही : रोस्टरवरचे नव्हेत. सहा महिन्यांतून एक आठवडा सगळे रेसिडेंट आत आल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ बिननावाने टाकतात, आणि त्याचा ताळा रुग्णालयाच्या संगणकावर ऑर्डरी किती वाजता पडल्या त्याच्याशी घालता येतो. रात्री दोनला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला एकाच लॉगिनवरून ऑर्डर पडत असेल तर ते रोस्टरला खोटं ठरवतं. लॉगिन एकमेकांत वाटून वापरतात हे मला माहीत आहे. म्हणून एका लॉगिनवरून निष्कर्ष नाही, आख्ख्या युनिटच्या आठवड्यावरून. तासांपुरतं हे उत्तर पुरं आहे.

अपमानाला मात्र वेळेचा शिक्का नसतो. त्यासाठी मी दुसरी वाट ठेवली आहे. आधार देणारीने भेटीच्या शेवटी विचारायचं : हे पुढे जावं असं तुला वाटतं का, आणि एकटीने नाही तर आणखी कोणी असेल तेव्हा? हो म्हटलं तर तिने स्वतःच्या हाताने लिहून बंद लिफाफा बाहेरच्या तज्ज्ञाकडे ठेवायचा. त्याच व्यक्तीबद्दल दुसरा लिफाफा आला की तज्ज्ञ दोघींना स्वतंत्रपणे विचारणार, आता एकमेकींचं नाव कळलेलं चालेल का? दोघी हो म्हणाल्या तर दोघींची तक्रार एकत्र जाते. एकीनेही नाही म्हटलं तर लिफाफे जिथल्या तिथे.

साशंक : पण दुसरा लिफाफा त्याच व्यक्तीबद्दल आहे हे तज्ज्ञाला कळायचं तर पाकिटावर त्या लेक्चररचं नाव हवं. म्हणजे ज्या यादीची तुम्हाला भीती वाटते ती एका कपाटात तयार झालीच, आणि ती कोर्टाला मागवता येते. शिवाय पहिली मुलगी दुसरीची वाट पाहत एकटी राहते. ती वाट पाहणं किती महिन्यांचं? आणि तिसऱ्या महिन्यात तिच्या जिवावर बेतलं तर त्या लिफाफ्याबद्दल तुम्ही तिच्या आईला काय सांगाल?

आग्रही : त्याला माझ्याकडे नियम नाही. मुदत घालता येईल. तीन महिन्यांत दुसरं कोणी आलं नाही तर पहिलीला तसं सांगायचं, आणि एकटीने जायचं असेल तर तिच्याबरोबर कोण उभं राहील ते त्याच दिवशी ठरवायचं. पण तिच्या संमतीशिवाय तिची गोष्ट मी पुढे नेणार नाही. ज्या दिवशी नेईन त्या दिवसापासून कोणी खरं बोलणार नाही, आणि मग पुढच्या मुलीच्या जिवावर बेतलेलं मला कळणारही नाही.

साशंक : आणि मी म्हणतो, एका कार्यक्रमाची विश्वासार्हता वाचवण्यासाठी एखाद्या युनिटमधला छळ चालू राहिला, तर ती विश्वासार्हता कोणासाठी वाचवली? म्हणून माझी अट ऐका. आराखड्यात एक कलम घाला : बारा महिन्यांनी विभागांचे तास कमी झाले नाहीत, किंवा डीनने परिपत्रकावर सही केली नाही, तर कार्यक्रम बंद, आणि का बंद केला ते जाहीर. नाहीतर हे दर वर्षीच्या तपासणीत दाखवायचं एक पान होऊन बसेल.

आग्रही : सहीची अट आत्ता घालते. सही नसेल तर सुरूच करायचं नाही. तासांच्या अटीवर मात्र मी अडखळते. तास कमी करणं हे पदं भरण्यावर, बजेटवर, मंत्रालयावर आहे. ते झालं नाही म्हणून पहाटे टेबलावर रुग्ण गमावलेल्या मुलीला फोन करणं थांबवायचं, ही शिक्षा चुकीच्या माणसाला होईल. मी दुसरं कलम लिहीन : तास कमी झाले नाहीत तर कार्यक्रम चालेल, पण त्याचा अहवाल डीनच्या टेबलावर न थांबता मार्डला आणि विद्यापीठाला त्याच दिवशी जाईल, तासांच्या आकड्यांसह.

साशंक : बंद करण्याची ताकद नसलेल्या अहवालावर माझा विश्वास नाही.

आग्रही : आणि फोन बंद करण्याच्या ताकदीवर माझा. तेव्हा दोन्ही कलमं मसुद्यात एकाखाली एक राहू देत. कोणतं ठेवायचं ते आपण दोघांनी ठरवू नये. येत्या बॅचच्या जेआर-वनना ते वाचून दाखवू, वचनाच्या त्या तीन अपवादांसकट, आणि त्यांना विचारू की यातल्या कोणत्या कागदावर भरवसा ठेवून तुम्ही तोंड उघडाल.